निवेदनाचे शब्द आणि फिल्मची वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहितीपट, संस्थेची फिल्म, संग्रहालयात लूपवर चालणारी चित्रफीत किंवा यूट्यूबचा व्हिडिओ मराठीत करणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. फिल्मची लांबी आधी ठरलेली आहे आणि निवेदन तिच्यात बसवायचं आहे, असं इथे गृहीत धरलंय. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरावरची चार मिनिटांची फिल्म.

मिनिटाला १५० शब्द हा आकडा सगळीकडे दिसतो. तोच धरू का?

नको. तो आकडा इंग्रजी निवेदनाचा आहे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपले शब्द संख्येनं कमी आणि लांबीनं मोठे असतात. ‘सरोवराच्या पाण्यात’ हे आपल्याकडे दोन शब्द. हिंदीत ‘सरोवर के पानी में’ म्हणजे चार, आणि इंग्रजीत तर सहाच्या आसपास जातात. बोलायला लागणारा वेळ मात्र तिन्हीकडे साधारण सारखाच.

मिनिटाला १५० धरून मराठी संहिता लिहिली तर चार मिनिटांसाठी ६०० शब्द होतात. ते शांतपणे वाचायला साडेपाच मिनिटं लागतात. मग रेकॉर्डिंगच्या दिवशी निवेदकाला ‘जरा पटापट घ्या ना’ म्हणायची वेळ येते.

मग मराठीसाठी कोणता आकडा?

सुरुवातीला मिनिटाला ११० धरा. शांत, निसर्गावरची किंवा इतिहासावरची फिल्म ९५ ते ११० मध्ये चांगली वाटते. समजावून सांगणारा, थोडा गप्पांच्या अंगानं जाणारा व्हिडिओ ११५ ते १३० पर्यंत जातो. जाहिरात त्याहून वेगात पळते, पण तिथे शब्द मोजण्याआधीच सेकंद मोजलेले असतात.

हे कामातून बसलेले अंदाज आहेत, नियम नाहीत. तुमचा निवेदक कोण आहे आणि संहितेची भाषा कशी आहे, यावर ते हलतात. दोन वाक्यं बघा. दोन्हींत आठ-आठ शब्द आहेत.

‘इथे पाऊस आला की सगळा दगड काळा दिसतो.’

‘बेसाल्टमधील आघातविवरांच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय संशोधकांनी खडकांचे नमुने तपासले.’

मोठ्यानं वाचून बघा. पहिलं तीनेक सेकंदांत होतं, दुसऱ्याला सहा तरी लागतात. शब्दसंख्या सारखी असली तरी दुसऱ्यातले उच्चार दुपटीहून जास्त आहेत. सरकारी अहवालातून उचललेली वाक्यं असतील तर ११० ऐवजी ९० धरा, किंवा ती वाक्यंच बदला. मी बहुतेक वेळा दुसरा मार्ग घेतो, कारण असं वाक्य वेळेत बसलं तरी ऐकणाऱ्याच्या कानात बसत नाही.

माझ्या निवेदकाचा वेग कसा मोजायचा?

त्याच फिल्मच्या संहितेतला दोनशेएक शब्दांचा सलग तुकडा घ्या. वर्तमानपत्रातला उतारा नको. त्याची लय वेगळी असते. निवेदकाला तो एकदा वाचू द्या आणि दुसऱ्या वाचनाचं रेकॉर्डिंग धरा. पहिल्या वाचनात माणूस शब्द शोधत असतो. पाचव्या-सहाव्या वाचनापर्यंत मजकूर पाठ व्हायला लागतो आणि वेग वाढतो.

वेळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोजा. सुरुवातीची आणि शेवटची शांतता काढून टाका, पण वाक्यांमधले स्वाभाविक विराम तसेच ठेवा. ते वेगाचाच भाग आहेत.

```
शब्द ÷ सेकंद × 60 = मिनिटाला शब्द
212 ÷ 118 × 60 = 107.8
```

म्हणजे हा निवेदक १०८ चा. ११० धरून लिहिलेली संहिता त्याला जवळपास बसेल. ९६ निघाले असते तर संहिता आधीच कापायला हवी होती.

एक सूचना लेखकांसाठी. मनातल्या मनात वाचून वेळ लावू नका. डोळे तोंडापेक्षा फार पुढे पळतात. पुटपुटूनही चालत नाही, कारण पुटपुटताना आपण अंत्याक्षरं गिळतो. दार लावून मोठ्यानं वाचा.

शब्द मोजताना आकडे, तारखा, आद्याक्षरं कशी धरायची?

जसं बोलणार तसं. कागदावर ‘२०२०’ हा एक शब्द आहे, तोंडात ‘दोन हजार वीस’ म्हणजे तीन. लोणारच्या विवराचं वय एका अभ्यासानुसार सुमारे ५,७०,००० वर्षं आहे. कागदावर हा एक आकडा, वाचताना ‘पाच लाख सत्तर हजार’ असे चार शब्द. या सरोवराची नोंद १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी केली. आद्याक्षरांसकट ते नाव चार शब्दांचं, आणि प्रत्येक आद्याक्षरानंतर एक छोटा विराम. एका नावात दोनेक सेकंद जातात.

म्हणून निवेदकाच्या प्रतीत सगळे आकडे अक्षरांत लिहा. मोजणी खरी होते आणि ‘अठराशे तेवीस’ की ‘एक हजार आठशे तेवीस’ हा वाद रेकॉर्डिंगच्या वेळी उद्भवत नाही.

इथे मराठीची एक सोय आहे, ती वापरा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ‘एक पूर्णांक आठ दशांश किलोमीटर’ असं निवेदनात कुणी बोलू नये. ‘पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त’ म्हणा, नेमका आकडा ग्राफिकमध्ये दाखवा. दीड, अडीच, सव्वातीन, पावणेपाच हे शब्द छोटे आहेत आणि कानाला लगेच कळतात.

एकूण वेळेला वेगानं गुणलं की झालं, नाही का?

चार मिनिटं गुणिले ११० म्हणजे ४४० शब्द. हा हिशोब चुकीचा आहे, आणि सगळ्यात जास्त फिल्म इथेच फसतात. फिल्मची लांबी आणि निवेदनाची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीर्षक, श्रेयनामावली, कुणाची तरी बाईट, पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज, सीन बदलताना लागणारा श्वास, हे सगळं त्या चार मिनिटांतच येतं. शिवाय एकूण बेरीज जुळली तरी सीन जुळत नाहीत. मंदिरावरची वाक्यं पाण्याच्या शॉटवर सांडतात.

म्हणून हिशोब सीनवार करायचा. लोणारच्या फिल्मचा आराखडा असा आहे:

| सीन | लांबी (सेकंद) | निवेदनाला (सेकंद) | शब्द, ११० च्या वेगानं |
|---|---|---|---|
| १. पहाट, कड्यावरून सरोवर, शीर्षक | ३० | १८ | ३३ |
| २. उल्कापात आणि बेसाल्ट, ग्राफिक | ५० | ४२ | ७७ |
| ३. खारं पाणी, गुलाबी रंग | ५५ | ४४ | ८० |
| ४. वनरक्षकाची बाईट | ४० | ६ | ११ |
| ५. दैत्यसूदन मंदिर | ४५ | ३४ | ६२ |
| ६. शेवट, श्रेयनामावली | २० | ६ | ११ |
| एकूण | २४० | १५० | २७४ |

इंग्रजी आकड्यानं ६०० शब्द येत होते, नुसत्या गुणाकारानं ४४०, आणि खरी जागा आहे २७४ शब्दांची. पहिल्यांदा हा तक्ता बघणारे दिग्दर्शक नेहमी म्हणतात, ‘एवढंच?’ हो, एवढंच. उरलेली दीड मिनिटं प्रेक्षक लोणार बघणार आहे, ऐकणार आहे. नाहीतर फिल्म कशाला करायची, लेख लिहावा.

तिसरा रकाना कसा भरला, ते सांगतो. सीन सुरू झाल्यावर निवेदन लगेच येत नाही. चित्र ओळखायला डोळ्यांना एक-दीड सेकंद द्यावा लागतो. सीन संपण्याआधी सेकंदभर निवेदन थांबलेलं बरं, म्हणजे कट मोकळा मिळतो. म्हणजे साध्या सीनमध्येही अडीच सेकंद आधीच वजा. त्यानंतर जिथे चित्राला एकटं सोडायचं आहे, ते सेकंद वजा करा. सीन ३ मध्ये गुलाबी पाण्याचा पहिला शॉट येतो तेव्हा चार सेकंद कुणी बोलायचं नाही, आणि काठावरच्या पक्ष्यांना पाचेक सेकंद. ५५ चे ४४ असे होतात.

सीन २ मध्ये माझा स्वतःचा कल ७७ शब्द भरण्याकडे नाही. तिथे पडद्यावर ग्राफिक आहे, त्यावर नावं आणि आकडे आहेत. प्रेक्षक वाचतोही आणि ऐकतोही. अशा सीनला वेग १०० धरायचा: ४२ सेकंदांत ७० शब्द. सगळ्या फिल्मला एकच वेग लावायचं बंधन नाही.

तक्ता हातानं करायचा का?

गूगल शीटमध्ये करा. B रकान्यात निवेदनाचे सेकंद, C रकान्यात त्या सीनची संहिता. मग पुढच्या दोन रकान्यांत:

```
=ROUNDDOWN(B2*110/60,0)
=COUNTA(SPLIT(TRIM(C2)," "))
```

पहिलं सूत्र किती शब्दांना जागा आहे ते सांगतं, दुसरं तुम्ही किती लिहिलेत ते. दुसरं फक्त स्पेस मोजतं. एकाच सेलमध्ये ओळ तोडली असेल तर आधीच्या ओळीचा शेवटचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मिळून एकच धरला जातो. दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली आडवी रेघ त्याला शब्द वाटते. आणि ‘२०२०’ अंकांत ठेवलं असेल तर तो एकच शब्द मोजला जातो, हे वर आलंच.

अक्षरं मोजून जास्त नेमका अंदाज येईल असं वाटून काही जण LEN वापरतात. देवनागरीत ते काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतं, त्यामुळे तो आकडा उच्चारांचा नसतो. लांब शब्दांचा परिच्छेद ओळखायला मोठ्यानं वाचण्यापलीकडे मला काही सापडलेलं नाही.

संहिता जास्त झाली. कुठून कापू?

सीन ३ मधला खर्डा असा आला होता:

> सन २०२०च्या जून महिन्यामध्ये लोणार सरोवराच्या पाण्याचा रंग अचानकपणे बदलून तो गुलाबी झाल्याचे निदर्शनास आले आणि त्यामुळे संपूर्ण देशभरातील शास्त्रज्ञांचे लक्ष या सरोवराकडे वेधले गेले. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या नमुन्यांचा अभ्यास केल्यानंतर हा रंग हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे स्पष्ट झाले.

कागदावर ४२ शब्द, वर्ष मोकळं करून वाचलं की ४४. म्हणजे ११० च्या वेगानं २४ सेकंद. सीनच्या ४४ सेकंदांतले निम्म्याहून जास्त यातच गेले. पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी का आहे, सामू दहाच्या आसपास म्हणजे काय, हे सांगायला वीस सेकंद उरले.

आता यात पडद्यावर जे दिसतंच आहे ते शोधा. ‘लोणार सरोवराच्या’ गेलं, आपण तिथेच आहोत. ‘रंग बदलून’ गेलं, गुलाबी पाणी समोर आहे. ‘निदर्शनास आले’, ‘लक्ष वेधले गेले’, ‘स्पष्ट झाले’ ही कार्यालयीन शेपटं आहेत, त्यांत माहिती नाही. ‘महिन्यामध्ये’ आणि ‘अचानकपणे’ही त्यांच्यासोबत जातात. उरतं ते असं:

> जून २०२०. पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. रंग होता हॅलोआर्कियांचा, मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा.

बोलताना २० शब्द, अकरा सेकंद. शिवाय सूक्ष्मजीव मिठाच्या पाण्यात वाढतात ही आधी नसलेली माहितीही आली. आणखी दोन सेकंद हवे असतील तर ‘जून २०२०’ पडद्यावर लिहून दाखवा आणि निवेदनातून काढा. सोळा शब्द उरतात, नऊ सेकंदांच्या आत.

कापताना क्रम माझा असा असतो: आधी जे दिसतं ते, मग क्रियापदांची शेपटं, मग पदव्या आणि संस्थांची पूर्ण नावं, मग उपमा. एखादा मुद्दाच काढावा लागला तर सगळ्यात शेवटी. पण लागला तर अख्खा काढा. तीन मुद्दे प्रत्येकी अर्धे सांगितले की तिन्ही कळत नाहीत.

शब्द तेवढेच ठेवून निवेदकाला वेगानं वाचायला सांगितलं तर?

दहा टक्क्यांपर्यंत चांगला निवेदक सांभाळून नेतो. त्यापुढे खुणा दिसायला लागतात आणि मराठीत त्या ठरलेल्या जागी दिसतात. ‘झालं’, ‘होतं’, ‘केलं’ यांचा शेवट गिळला जातो आणि ‘झाल’, ‘होत’ ऐकू येतं. जोडाक्षरं विरघळतात, ‘शास्त्रज्ञ’मधलं ‘ज्ञ’ नुसतं ‘न’ होतं. स्वल्पविराम आणि पूर्णविराम सारख्याच लांबीचे होतात. वाक्याच्या मध्येच श्वास ओढल्याचा आवाज येतो. यातल्या दोन खुणा एका टेकमध्ये सापडल्या तर अजून टेक घेऊन उपयोग नाही, चूक कागदावर आहे.

उलटीही तक्रार असते. ११० धरून लिहिलं आणि निवेदकानं १०० नं वाचलं, तर २७४ शब्दांना १६४ सेकंद लागतात, म्हणजे १५० पेक्षा चौदा जास्त. हे चौदा सेकंद सगळीकडे सारखे वाटले जात नाहीत. ज्या सीनमध्ये मोकळी जागा कमी तिथेच ते टोचतात. आपल्या तक्त्यात पहिला फटका सीन २ ला बसेल.

रेकॉर्डिंग झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये थोडं वेगात केलं तर कळतं का?

स्वर न बदलता वेग वाढवायची सोय जवळपास प्रत्येक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन टक्के कुणाच्या लक्षात येत नाही, पाच टक्के कान असलेल्याला येतं. त्यापुढे आवाज यंत्रातून आल्यासारखा लागतो, विशेषतः ‘स’, ‘श’, ‘च’ वर.

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 scene3.wav
ffmpeg -i scene3.wav -filter:a "atempo=1.03" scene3_fit.wav
```

या टर्मिनलमध्ये चालवायच्या ffmpeg च्या आज्ञा आहेत. पहिली ओळ फाइलची लांबी सेकंदांत सांगते, दुसरी तीन टक्के वेग वाढवते. ४४ सेकंदांच्या सीनमध्ये तीन टक्क्यांनी सव्वा सेकंद सुटतो. सव्वा सेकंदाचीच अडचण असेल तर हे करा. पण एकाच सीनला केलं आणि शेजारच्याला नाही, तर फरक जाणवतो. करायचंच तर सगळ्या निवेदनाला सारखं करा.

त्याआधी वाक्यांमधले विराम बघा. टाइमलाइनवर दोन वाक्यांमधलं अंतर पाऊण सेकंदावरून अर्ध्यावर आणलं की आठ वाक्यांच्या सीनमध्ये पावणेदोन सेकंद मिळतात आणि आवाजाला हात लागत नाही. कापलेल्या जागी मात्र त्याच खोलीची शांतता भरा. त्यासाठी रेकॉर्डिंगच्या शेवटी अर्धा मिनिट कुणी न बोलता नुसता माइक चालू ठेवायला सांगा. हे विसरलं तर प्रत्येक कटवर पार्श्वभूमीचा आवाज बंद-चालू झाल्यासारखा ऐकू येतो.

संहिता कमी पडली तर काय भरायचं?

बहुतेक वेळा काहीच नाही. ४४ सेकंदांच्या जागेत ४० सेकंदांचं निवेदन आलं तर उत्तम आलं. मी स्वतः तक्त्यातल्या आकड्यापेक्षा पाच-सात टक्के कमीच लिहितो, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी एखादा शब्द सुटा करून सांगावासा वाटतो, एखादं नाव सावकाश घ्यावं लागतं.

दहा-बारा सेकंदांची पोकळी पडली आणि चित्रात तेवढा दम नसेल, तर निवेदन वाढवण्याआधी सीन छोटा होतो का ते एडिटरला विचारा. ते वाचलेले सेकंद दुसऱ्या सीनला देता येतात.

बाईट चालू असताना निवेदन घ्यायचं का?

नाही. सीन ४ मधले सहा सेकंद बाईटच्या आधीचे आहेत. अकरा शब्दांत आपण वनरक्षकाच्या बोलण्याची पार्श्वभूमी देतो. त्यांचं नाव आणि हुद्दा पडद्यावर येतो, निवेदनात घ्यायचा नाही. पुढचा अर्धा मिनिट त्यांचा.

बाईटची वेळ शब्दांवरून काढू नका. माणसं बोलताना अडखळतात, ‘म्हणजे कसं झालं’ म्हणत परत मागे जातात. कापलेल्या बाईटची प्रत्यक्ष लांबी मोजा. म्हणूनच आधी बाईट कापाव्यात आणि नंतर निवेदन लिहावं. उलट क्रमानं गेलं की निवेदनात सांगितलेलंच माणूस परत सांगतो.

चित्र आधी की निवेदन आधी?

चार मिनिटांच्या फिल्मला मी असा जातो. तक्ता बनवला, खर्डा लिहिला, मोबाइलवर स्वतःच्या आवाजात वाचून एडिटरला दिला. हा कच्चा आवाज लावून रफ कट होतो. कट बघताना बहुतेक सीनची लांबी थोडी हलते, तक्ता बदलतो, संहिता पुन्हा कापली जाते. कट पक्का झाल्यावरच निवेदक बोलवायचा.

कच्चा आवाज देताना तुमचा वेग निवेदकाच्या वेगाशी जुळतो का ते बघा. दिग्दर्शक मंडळींना आपली संहिता पाठ असते, ती भराभर वाचतात. तुम्ही १२५ नं वाचून कट पक्का केलात आणि निवेदक १०५ चा निघाला, तर तक्त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

स्टुडिओत बसल्यावर वेळ कशी सांभाळायची?

निवेदकाच्या प्रतीत प्रत्येक सीनच्या डोक्यावर सेकंद लिहा: ‘सीन ३, ४४’. प्रत्येक सीन वेगळी फाइल म्हणून घ्या आणि टेक संपताच लांबी बघा. ४१ आला तर पुढे चला. ४७ आला तर दुसरा टेक घेण्याआधी कागद बघा. तीन सेकंद म्हणजे पाच-सहा शब्द. कोणते काढता येतील हे आधीच ठरवून ठेवलं तर बरं. मी संहितेत असे शब्द पेन्सिलीनं कंसात घालतो. निवेदकाला सांगायचं, ‘कंस सोडून वाचा.’ कुणाला ताण नाही, स्टुडिओचं भाडंही वाचतं.

चित्र बघत वाचावं की न बघता? ज्या सीनमध्ये एखादा शब्द एखाद्या शॉटवरच पडायला हवा, तिथे बघून. उल्का आदळते तो क्षण, गुलाबी पाण्याचा पहिला शॉट. बाकी न बघता. पडद्याकडे लक्ष गेलं की वाचनाची लय तुटते.

हीच फिल्म हिंदी आणि इंग्रजीतही करायची आहे. तोच तक्ता चालेल?

सेकंदांचा रकाना तोच, शब्दांचा नाही. हिंदीत ‘का, के, में, से’ सुटे असल्यानं शब्दांचा आकडा मोठा दिसतो, इंग्रजीत अजून मोठा. प्रत्येक भाषेच्या निवेदकाचा वेग वेगळा मोजा आणि त्यानुसार शब्द काढा. आणि अनुवादकाला संहितेसोबत सेकंदही द्या. नुसती संहिता दिली तर तो इमानदारीनं सगळं भाषांतर करून देतो आणि मग एखादा सीन सात-आठ सेकंदांनी उतू जातो.

तिन्ही भाषा आधीपासून ठरलेल्या असतील तर प्रत्येक सीनमध्ये नेहमीपेक्षा दोन सेकंद जास्त मोकळे सोडा.

तीस सेकंदांच्या रीलला पण हा सगळा हिशोब?

तक्ता नको, आकडा हवा. तीस सेकंदांत सुरुवातीचा सेकंद आणि शेवटचे दोन सोडले की सत्तावीस राहतात. १२५ च्या वेगानं ५६ शब्द. त्यात एक मुद्दा बसतो. लोणारचं विवर उल्केचं आहे हे कसं कळलं, एवढाच घ्या. गुलाबी पाणी दुसऱ्या रीलमध्ये.

श्रेयनामावलीवर निवेदन चालू ठेवलं तर सेकंद वाचतील का?

वाचतील, पण नावं कुणी वाचणार नाही. सीन ६ मध्ये म्हणूनच अकरा शब्द आहेत आणि ते नावं यायच्या आधी संपतात.